द्विमितीय ॲनिमेशनपट : संकलन आधी, चित्रण नंतर

फिल्म्स डिव्हिजनसाठी विजया मुळे यांनी १९७४ मध्ये दिग्दर्शित केलेला आणि भीमसैन यांच्या ॲनिमेशनने साकारलेला ‘एक अनेक और एकता’ हा लघुपट दूरदर्शनच्या प्रेक्षकांच्या एका पिढीला आजही आठवतो. त्याची लांबी जेमतेम सात मिनिटांची. मात्र, सेकंदाला २४ फ्रेम्सचा हिशेब धरला, तर सात मिनिटांत दहा हजारांहून अधिक फ्रेम्स होतात. कॅमेऱ्याने चित्रित होणाऱ्या चित्रपटात गरजेपेक्षा जास्त चित्रण करून नको असलेला भाग नंतर संकलनाच्या टेबलावर गाळता येतो. हाताने काढलेल्या चित्रांच्या बाबतीत ही चैन परवडत नाही. त्यामुळे द्विमितीय ॲनिमेशनपटाचे संकलन प्रत्यक्ष चित्रे काढण्यापूर्वीच उरकले जाते.

या कामाचा आरंभ स्टोरीबोर्डपासून होतो. प्रत्येक शॉटमध्ये काय दिसेल, पात्र कोठून येईल आणि कॅमेरा कोणत्या दिशेने सरकेल, हे त्यात कच्च्या रेखाटनांतून मांडलेले असते. मात्र, कागदावरील चौकटीला कालावधी नसतो. ही रेखाटने तात्पुरत्या ध्वनिमुद्रित संवादांसह टाइमलाइनवर क्रमाने मांडली की ॲनिमॅटिक तयार होते आणि चित्रपट प्रथमच वेळेत पाहता येतो.

याचे एक उदाहरण घेता येईल. पावसात छत्री सावरत बसथांब्याकडे धावणाऱ्या मुलीचा चार सेकंदांचा शॉट आहे, असे समजू. चार सेकंद म्हणजे ९६ फ्रेम्स. सर्वसाधारणपणे एक चित्र दोन फ्रेम्स टिकवले जाते. म्हणजे केवळ त्या मुलीची ४८ चित्रे लागतील. ॲनिमॅटिक पाहताना हा शॉट रेंगाळतो असे जाणवले आणि तो अडीच सेकंदांचा केला, तर ३० चित्रे पुरतात. टाइमलाइनवर हा बदल काही क्षणांत होतो. हाच निर्णय ॲनिमेशननंतर घेतला, तर रेखाटलेली, रेषा स्वच्छ केलेली आणि रंगवलेली १८ चित्रे वाया जातात. शिवाय उरलेल्या धावेची लयही बिघडते.

कॅमेऱ्याची हालचालही याच टप्प्यावर निश्चित व्हावी लागते. मुलीबरोबर कॅमेरा अर्ध्या पडद्याइतका सरकणार असेल, तर १९२० पिक्सेल रुंदीच्या पडद्यासाठी पार्श्वभूमी किमान २८८० पिक्सेल रुंद रंगवावी लागते. हे आधी ठरले नाही, तर शेवटी चित्र अपुरे पडते. ते ताणून मोठे केल्यास पार्श्वभूमी धूसर दिसते आणि पात्राची रेषा मात्र ठसठशीत राहते.

ॲनिमॅटिक मंजूर झाल्यावर प्रत्येक शॉटची लांबी पक्की होते. त्यानंतर ॲनिमेटर हालचालीतील मुख्य स्थिती काढतात, मधली चित्रे भरली जातात, रेषा स्वच्छ होतात आणि रंगकाम होते. पार्श्वभूमी स्वतंत्रपणे रंगवली जाते.

कंपोझिटिंग हा हे सर्व एकत्र आणणारा टप्पा. वरील शॉटमध्ये तळाशी रस्त्याची पार्श्वभूमी, त्यावर मुलीची सावली, मग मुलगी आणि सर्वांत वर पाऊस, असे थर रचले जातात. सावलीचा थर अपारदर्शक ठेवला, तर तो रस्त्यावर डागासारखा चिकटलेला दिसतो. म्हणून तो गुणाकार पद्धतीने मिसळतात. त्यामुळे खालचा रस्ता गडद होतो, पण त्याचा पोत टिकून राहतो.

या टप्प्यावर दोन दोष वारंवार आढळतात. पहिला म्हणजे पात्राभोवती दिसणारी बारीक पांढरी कड. रेषेच्या काठावरील अर्धपारदर्शक पिक्सेलमध्ये मूळ पांढऱ्या कागदाचा रंग मिसळलेला असतो आणि सॉफ्टवेअरने पारदर्शकतेचा अर्थ चुकीचा लावला, की तो उघडा पडतो. पात्राखाली सपाट गडद रंग ठेवून पाहिल्यास ही कड लगेच दिसते. ती हाताने खोडत बसण्यापेक्षा पारदर्शकतेची मांडणी दुरुस्त करणे योग्य ठरते.

दुसरा दोष फ्रेमच्या गतीचा. चित्रपटासाठी सेकंदाला २४ आणि भारतीय दूरचित्रवाणीसाठी २५ फ्रेम्स, असे दोन्ही प्रघात आपल्याकडे आहेत. २४च्या गतीने बेतलेल्या एका मिनिटाच्या १,४४० फ्रेम्स २५च्या गतीने चालवल्या, तर त्या ५७.६ सेकंदांतच संपतात. आवाज मात्र पूर्ण मिनिटाचा असतो. पहिला संवाद ओठांशी जुळतो आणि पुढे तफावत वाढत जाते, ही या दोषाची खूण. तफावत सुरुवातीपासून सारखीच असेल, तर ध्वनी केवळ जागचा हलला आहे, असे समजावे.

म्हणूनच अंतिम तपासणीच्या वेळी तयार शॉट ॲनिमॅटिकशेजारी ठेवून एकाच वेळी चालवला जातो. दोन्हींची शेवटची फ्रेम एकाच क्षणी आली पाहिजे. ती आली नाही, तर दोष कोणत्या टप्प्यावर शिरला, याचा शोध तेथूनच सुरू होतो.