कलावंताचं स्थळ, आणि परिचयाच्या आठ ओळी

विवाहमंडळाच्या फॉर्मवर किंवा मोबाइलच्या अ‍ॅपवर स्वतःबद्दल आठ-दहा ओळी लिहायची वेळ आली की बँकेतल्या माणसापेक्षा कलावंताची पंचाईत जास्त होते. कलेबद्दल लिहावं तर बढाई वाटते आणि गाळावं तर आयुष्यातला मोठा भागच झाकला जातो.

समजा, एक तबलावादक लिहितो: ‘संगीत हा माझा श्वास आहे. वयाच्या सहाव्या वर्षापासून साधना. विशारद. अनेक मान्यवरांना साथ. माझ्या कलेला समजून घेणारी जोडीदार हवी.’ यात खोटं काहीच नाही. पण वाचणारी मुलगी विचारात पडते, की या घरात माझं काम काय, टाळ्या वाजवण्याचं? ‘समजून घेणारी’ या शब्दांत खरं तर बरंच काही दडलेलं असतं. रात्री दोनला घरी येणं, सणासुदीला नसणं, मानधन उशिरा मिळणं हे सगळं त्यात येतं. तेच उघड सांगायला हवं, आणि नेमकं तेच सांगितलं जात नाही. तिच्या घरचे तर पहिला प्रश्न हाच विचारतात, की ‘तबला ठीक आहे, पण करतो काय?’

कलेबद्दल किती लिहिलं यावरून माणूस आत्ममग्न ठरतो, असं मला वाटत नाही. ती कला रोजच्या घरात कुठे आणि किती जागा घेते, हे समोरच्याला कळलं की पुरे. म्हणून त्याच तबलजीचा परिचय असा लिहिता येईल:

‘मी तबला वाजवतो, बहुतेक वेळा ख्याल गायनाला साथ करतो. विलंबित एकतालात ठेका न ढळू देता गायकाला मोकळं सोडायचं, हे सध्या शिकतो आहे. आठवड्यात चार संध्याकाळी मुलांना शिकवतो, घरखर्च त्यावर चालतो. मैफिलींचं मानधन हंगामी असतं. सकाळी सहा ते साडेसात रियाज. दिवाळीची पहाट आणि डिसेंबरातले शनिवार-रविवार बहुधा कार्यक्रमांत जातात. पावसाळ्यात मात्र निवांत असतो, तेव्हा गडावर जातो. भरीत चांगलं करतो. तुमच्या घरी सुट्टीचा दिवस कसा जातो, ते ऐकायला आवडेल.’

एकतालाचं वाक्य मुद्दाम ठेवलं आहे. विलंबित लयीत दोन मात्रांमधलं अंतर इतकं लांबतं की साथीदाराचा हात जरा घाईवर आला तरी गायकाचा विस्तार मोडतो. जिला ताल कळत नाही तिलाही एवढं नक्की कळतं, की हा माणूस दुसऱ्याला जागा देण्याचं काम करतो आणि अजून शिकतो आहे. मान्यवरांच्या नावांतून हे कधीच कळलं नसतं. शेवटच्या प्रश्नातही ‘संगीत आवडतं का?’ असं विचारलेलं नाही, कारण ती परीक्षा होते. नाही म्हणणारी मुलगी तिथेच नापास!

फोटोंचंही असंच आहे. मंचावरचा एक पुरे. बाकीचे घरातले, मित्रांबरोबरचे असावेत.

चित्रकाराने दहा चित्रं लावण्यापेक्षा एकच लावावं आणि खाली माध्यम व आकार लिहावा. तैलरंगाचा चार फुटी कॅनव्हास वाळायला कित्येक दिवस भिंतीला टेकून राहतो, टर्पेंटाइनचा वास घरभर पसरतो. दोन खोल्यांच्या घरात हे महत्त्वाचं आहे. काम भाड्याच्या खोलीत होत असेल तर तसं लिहावं.

लेखकाची अडचण नाजूक असते. त्याने परिचयात कविता चिकटवू नये. कशावर लिहितो आणि कुठे छापून येतं, हे दोन ओळींत सांगावं. वाचणाऱ्याच्या मनातला खरा प्रश्न वेगळाच असतो: उद्या आमचं भांडण याच्या कथेत येईल का? ‘घरच्यांवर लिहिण्याआधी विचारतो’ हे खरं असेल तर जरूर लिहावं. कलावंताबरोबरचा संसार आतून कसा दिसतो, हे सुनीता देशपांडे यांच्या ‘आहे मनोहर तरी’ने १९९० साली मराठी वाचकांना दाखवलं. ते पुस्तक वाचलेली मुलगी हा प्रश्न विचारणारच.

काही जण उलट टोकाला जातात. बढाई नको म्हणून ‘थोडंफार वाजवतो’ एवढंच लिहितात. हा विनय दिसला तरी परिणामी ती लपवाछपवी ठरते, कारण महिन्यातल्या आठ रात्री बाहेर जाणाऱ्या माणसाचं ते वर्णन नाही.

लिहून झालं की कलेशी संबंध नसलेल्या एखाद्या ओळखीच्या व्यक्तीला वाचायला द्यावं. तिने नुसतं ‘वा!’ म्हटलं तर परिचय फसला असं समजावं. ‘पावसाळ्यात कुठल्या गडावर जाता?’ किंवा ‘दिवाळीला घरी कितीला येता?’ असं तिने विचारलं, तर जमला.

म्हणून कलावंतांना एवढंच सांगणं आहे: पुरस्कारांची एक ओळ कमी करा आणि तिथे कार्यक्रमांचे महिने लिहा. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत ते कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.