फ्रीजचा स्टॅबिलायझर आणि लाइन आल्यानंतरची पाच मिनिटे

पारशिवनी तालुक्यात फ्रीज ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. दूधदुभते, भाजीपाला, गुरांची औषधे, कोणाच्या घरी म्हाताऱ्यांचे इन्शुलिन, सगळे त्यातच असते. आणि फ्रीज बिघडला की दहातल्या बऱ्याच वेळा बिघडतो तो त्याचा कॉम्प्रेसर, म्हणजे सर्वांत महागाचा भाग. हा कॉम्प्रेसर बहुधा जुना होऊन मरत नाही. लाइनच्या जाण्यायेण्यात आणि कमी दाबात तो जळतो. तेव्हा तो कसा जळतो आणि स्टॅबिलायझर घेताना नेमके काय पाहावे, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

पुष्कळ लोक म्हणतात, कोराडी आणि खापरखेडा ही एवढी मोठी वीज केंद्रे आपल्या शेजारी, मग आपल्याकडेच बल्ब मिणमिण का जळतो? प्रश्न रास्त आहे. पण वीज तयार कुठे होते याचा आपल्या घरच्या दाबाशी फारसा संबंध नाही. दाब पडतो तो डीपीपासून आपल्या घरापर्यंतच्या शेवटच्या तारेत. त्या तारेवर उसाचे आणि संत्र्याचे पाचपाच अश्वशक्तीचे पंप एकाच वेळी ओढू लागले, की डीपीजवळच्या घरी २१५ व्होल्ट असतात आणि टोकाच्या घरी १६० च राहतात. पंप बंद झाले की मध्यरात्री तोच दाब २५० वर जातो. नियमाप्रमाणे घरी २३० व्होल्ट, त्यात सहा टक्के कमीअधिक, म्हणजे साधारण २१६ ते २४४ यायला हवेत.

आता फ्रीजच्या आत पाहू. कॉम्प्रेसर म्हणजे एका बंद लोखंडी डब्यात मोटर आणि पंप एकत्र. तो गारव्याचा वायू एका बाजूने ओढतो आणि दाबून दुसऱ्या बाजूने मागच्या जाळीत ढकलतो. आर-१३४ए वायूचा फ्रीज उन्हाळ्यात चालू असताना जाळीच्या बाजूला चौरस इंचाला दीड-पावणेदोनशे पौंड दाब असतो, आणि ओढण्याच्या बाजूला जेमतेम दोनचार पौंड. नव्या फ्रीजमधल्या आर-६००ए वायूचे आकडे याहून कमी असतात, पण दोन्ही बाजूंतला फरक मोठाच असतो. या दोन बाजूंना जोडणारी वाट म्हणजे केसासारख्या बारीक भोकाची तांब्याची नळी. तिला मिस्त्री लोक कॅपिलरी म्हणतात.

लाइन जाते तेव्हा मोटर थांबते, पण दाब जिथल्या तिथे अडकून राहतो. त्या बारीक नळीतून वायू हळूहळू सरकतो आणि दोन्ही बाजू सारख्या व्हायला तीन ते पाच मिनिटे लागतात. तेवढ्यात लाइन परत आली, तर मोटरला थांबलेल्या जागेवरून एकदम दीडशे पौंडांविरुद्ध उठावे लागते. उसाने भरलेली बैलगाडी चढावर मध्येच थांबली तर बैलांना ती जागची हलवता येत नाही, तसेच हे. फ्रीजची मोटर चालती असताना भक्कम असते, पण सुरू होतानाचा तिचा जोर मुळात कमी असतो. ती अडकून राहते आणि 'हूं' असा आवाज काढीत नेहमीच्या पाचसात पट करंट ओढते.

कॉम्प्रेसरच्या अंगाला ओव्हरलोड नावाची एक टिकली असते. ती तापली की 'टक्' करून लाइन तोडते आणि थंड झाली की पुन्हा जोडते. म्हणून 'हूं', 'टक्', थोडी शांतता, पुन्हा 'हूं', 'टक्' असा आवाज येत असेल तर ओळखावे की मोटर उठत नाही आहे. अशा वेळी फ्रीजचे बटन बंद करून दहापंधरा मिनिटे थांबावे. सुरुवात करून देणारा रिलेही आजकाल तापून काम करणारा असतो, त्यालाही थंड व्हायला वेळ लागतो. ओव्हरलोड मोटरला वाचवतो हे खरे, पण प्रत्येक झटक्याला वाइंडिंगचे वार्निश थोडे करपतेच. रात्रभर हा खेळ चालला तर सकाळी कॉम्प्रेसर गेलेला असतो. कोणी मिस्त्री 'ओव्हरलोड काढून डायरेक्ट करून देतो' म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवावे.

दाब कमी असला की हा घोळ दुप्पट होतो. मोटरचा उठण्याचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो. २३० ऐवजी १५८ व्होल्ट आले म्हणजे व्होल्टेज एकतृतीयांशाहून थोडे कमीच घटले. पण जोर मात्र निम्म्याच्याही खाली येतो. म्हणजे पाच मिनिटे थांबूनही इतक्या कमी दाबावर मोटर उठेलच असे नाही.

आता निवडीकडे वळू. समजा, एका सभासदाचे घर लाइनच्या टोकाला आहे आणि त्यांच्याकडे १९० लिटरचा साधा एकदारी फ्रीज आहे. दुकानात जाण्यापूर्वी त्यांनी करायचे काम एकच. मीटर मागून घेऊन फ्रीजच्या सॉकेटवर दिवसातून चार वेळा व्होल्टेज पाहायचे आणि कागदावर लिहायचे. त्यांना सकाळी सहाला २०५, दुपारी बाराला १७२, रात्री आठला १५८ आणि मध्यरात्री एकला २४८ मिळाले असे धरू. त्यात रात्री आठला, फ्रीज उठण्याच्या क्षणी, काटा घसरून १४६ वर आला. हा शेवटचा आकडा बहुतेक लोक घेतच नाहीत, आणि खरा महत्त्वाचा तोच.

दुकानदार पहिल्यांदा स्वस्तातला, १७० ते २७० व्होल्टचा स्टॅबिलायझर दाखवील. तो शहरातल्या घरासाठी ठीक आहे. या घरी तो रात्री आठला '१७० च्या खाली आहे' म्हणून फ्रीजच बंद ठेवील आणि पंप बंद होईपर्यंत उघडणार नाही. मोटर वाचेल, दूध नासेल. या घराला १३० पासून सुरू होऊन २८०-२९० पर्यंत जाणारा हवा. असे आकडे खोक्यावर छापलेले असतात. आत एक ट्रान्सफॉर्मर आणि दोनतीन रिले असतात. दाब कमी झाला की रिले 'टिक्' करून जास्त फेऱ्यांवर जातो. समजा त्या पायरीवर दाब चाळीस टक्क्यांनी वाढतो, तर १५८ चे सुमारे २२१ होतात. बाहेर नेमके २३० मिळत नाहीत, २०० ते २४० च्या आसपास मिळतात, आणि फ्रीजला तेवढे पुरे. सर्वो प्रकारच्या महागड्या यंत्राची घरच्या फ्रीजला गरज नाही, असे आमचे मत आहे.

क्षमतेबद्दल थोडक्यात सांगायचे तर, दोनअडीचशे लिटरच्या फ्रीजला अर्धा केव्हीए चालतो, त्यापेक्षा मोठ्या दोनदारी फ्रीजला एक केव्हीए घ्यावा. चालता फ्रीज शंभरसव्वाशे वॅटच खातो, मग एवढा कशाला, असे वाटेल. पण उठतानाचा झटका त्यालाच सोसायचा असतो. त्याच स्टॅबिलायझरवर मिक्सर किंवा टीव्ही लावू नये.

आता वेळेची गोष्ट. चांगल्या स्टॅबिलायझरमध्ये तीनएक मिनिटे थांबून मग लाइन सोडण्याची सोय असते. ती फक्त खोक्यावर आहे की खरोखर आहे, हे दुकानातच तपासता येते. फ्रीजच्या जागी साधा बल्ब लावायचा आणि घड्याळ पाहायचे. बटन दाबल्यावर बल्ब तीन मिनिटांनी लागला पाहिजे. मग चालू असताना बटन क्षणभर बंद करून लगेच चालू करायचे. पुन्हा तीन मिनिटे थांबतो का? काही यंत्रे पाव सेकंदाचा झटका ओळखतच नाहीत आणि बल्ब तसाच लागलेला राहतो. आपल्याकडे वाऱ्यावादळात तारेला तार लागून नेमके असेच झटके येतात, म्हणून ही दुसरी परीक्षा सोडू नये. काही यंत्रांना 'ताबडतोब चालू' असे एक बटन असते. घाईच्या घरात ते कोणीतरी दाबतेच. असे यंत्र न घेतलेले बरे.

नव्या यंत्रांत आणखी एक हुशारी आली आहे. लाइन किती वेळ गेली होती हे ते मोजते आणि ती बराच वेळ नसली तर परत आल्यावर लगेच फ्रीज सुरू करते. हिशेब बरोबर आहे. थांबायचे ते कॉम्प्रेसर बंद पडल्यापासून, लाइन आल्यापासून नव्हे. अर्धा तास लाइन नसेल तर वायूचा दाब केव्हाच सारखा झालेला असतो. पण आपल्या तालुक्यात अडचण वेगळी आहे. लाइन आली की ऑटो स्विच लावलेले सगळे पंप एकदम उठतात आणि पहिली दोनतीन मिनिटे व्होल्टेज पार लोळते. म्हणून आपल्याला दर वेळी न चुकता थांबणारे साधे यंत्रच सोयीचे. खरे तर ऑटो स्विच काढून पंपांना कपॅसिटर लावले तर डीपीही वाचेल. पण तो सगळ्या गावाने करायचा उद्योग आहे, एकट्याने करून भागत नाही.

स्टॅबिलायझर घेईपर्यंत हाताने हेच करता येते. लाइन गेली की आधी फ्रीजचे बटन बंद करावे, आणि आली की घड्याळात पाच मिनिटे पाहून मगच चालू करावे. साफसफाईसाठी प्लग काढून लगेच लावणे किंवा आतला थर्मोस्टॅट बंद करून तत्काळ फिरवणे हेही लाइन जाऊन येण्यासारखेच आहे. रात्री झोपेत हे कोणी करणार नाही, आणि म्हणूनच यंत्र लागते.

स्टॅबिलायझरचा आणखी एक उपयोग लोकांच्या ध्यानी येत नाही. डीपीवर न्यूट्रलची तार तुटली, तर एका घरी बल्ब मंद होतात आणि शेजारी इतके भगभगतात की फुटतात. तिथे तीनशे-साडेतीनशे व्होल्टही येऊ शकतात. अशा वेळी जास्त दाबाला तोडणारा स्टॅबिलायझर फ्रीजला वाचवतो. भगभग दिसली की मेन स्विच लगेच पाडावा आणि वायरमनला बोलवावे. वीज पडण्यापासून मात्र स्टॅबिलायझर वाचवत नाही. गडगडाट सुरू झाला की प्लगच काढावा. अर्थिंगलाही तो पर्याय नाही.

इन्व्हर्टर कॉम्प्रेसरच्या फ्रीजची मोटर हळूहळू वेग घेते आणि बरीच कमीजास्त लाइन सोसते. किती सोसते ते मागच्या पाटीवर पाहावे आणि आपल्या कागदावरच्या चार आकड्यांशी ताडून बघावे. आकडे त्यात बसत असतील तर रोजच्या वापरासाठी स्टॅबिलायझरची गरज नाही. परंतु त्यातला इलेक्ट्रॉनिक पाटा न्यूट्रल तुटल्यावर सर्वांत आधी जातो, म्हणून टोकाच्या घरी जास्त दाबाला तोडणारे यंत्र तिथेही लावावे.

लाइन जाऊन चार तास झाले नसतील आणि दार उघडले नसेल, तर आतले दूध बहुधा टिकते. मेच्या उन्हात मात्र तेवढाही भरवसा धरू नये. इन्शुलिन असेल तर लाइन लांबलेल्या दिवशी ते ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या माठाजवळ, कोरड्या डब्यात ठेवावे. बर्फाला चिकटू देऊ नये, गोठलेले इन्शुलिन निकामी होते.