बाहेर दिलेले पगाराचे काम आणि लेखापरीक्षक

कंपनीने पगाराचे काम दुसऱ्या संस्थेकडे सोपवले की पगारपत्रक तिथल्या संगणकावर तयार होते. भविष्यनिर्वाह निधीची आणि प्राप्तिकराची कपात तिथेच मोजली जाते, बँकेला जाणारी फाइलही तिथेच बनते. कंपनीच्या ताळेबंदात मात्र हा खर्च कंपनीचाच असतो आणि त्यावर मत द्यायचे असते कंपनीच्या लेखापरीक्षकाला. या संस्थेची शेकडो गिऱ्हाइके असतात. प्रत्येकाचा लेखापरीक्षक आपापली माणसे घेऊन तपासणीला येऊ लागला, तर संस्थेला दुसरे काम करताच येणार नाही. म्हणून ती एका स्वतंत्र लेखापरीक्षकाकडून आपल्या कामकाजाची एकदा तपासणी करून घेते आणि त्याचा अहवाल सर्व गिऱ्हाइकांना देते. भारतात असा अहवाल ‘एसएई ३४०२’ या मानकानुसार तयार होतो. तो कसा वापरायचा हे कंपनीच्या लेखापरीक्षकाला ‘एसए ४०२’ हे मानक सांगते. अमेरिकेत अशाच अहवालाला ‘एसओसी १’ म्हणतात.

अहवालाचे दोन प्रकार आहेत. टाइप १ मध्ये संस्थेने कोणती नियंत्रणे आखली आहेत आणि ती एका ठरावीक तारखेला योग्य होती का, एवढेच कळते. ती वर्षभर खरोखर पाळली गेली का, हे टाइप २ मध्ये तपासलेले असते. नियंत्रणांवर भिस्त ठेवून स्वतःची तपासणी कमी करायची असेल, तर टाइप १ पुरत नाही. कित्येकदा कंपनीकडून भलताच कागद हाती पडतो. ‘एसओसी २’ अहवाल माहितीच्या सुरक्षेबद्दल, गोपनीयतेबद्दल असतो. पगाराचा आकडा बरोबर निघतो का, या प्रश्नाला तो उत्तर देत नाही.

हे काम प्रत्यक्षात कसे चालते, ते एका कल्पित उदाहरणातून पाहता येईल. चाकणच्या एका कारखान्यात ४२० माणसे आहेत आणि महिन्याचा पगार सुमारे १ कोटी ६० लाख रुपये आहे. कारखान्याचे आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. पगार करणाऱ्या संस्थेचा टाइप २ अहवाल मात्र जानेवारी ते डिसेंबर असा आहे.

लेखापरीक्षक आधी हा काळच पाहतो. एप्रिल ते डिसेंबर हे नऊ महिने अहवालात येतात. शेवटचे तीन महिने, म्हणजे सुमारे ४ कोटी ८० लाखांचा पगार, अहवालाबाहेर राहतो. अशा वेळी संस्था ‘या काळात नियंत्रणांत महत्त्वाचा बदल झालेला नाही’ असे पत्र देते. त्याला ब्रिज लेटर म्हणतात. हे पत्र संस्थेचे स्वतःचे निवेदन असते, ते कोणी स्वतंत्रपणे तपासलेले नसते. त्यामुळे त्याच्यावर तीन महिन्यांचा भार टाकता येत नाही. लेखापरीक्षक जानेवारी ते मार्चची काही पगारपत्रके स्वतः काढतो. नेमणूकपत्र, हजेरी, भविष्यनिर्वाह निधीचे चलन आणि बँकेतून गेलेली रक्कम यांच्याशी ती ताडून पाहतो.

यानंतर अहवालातले तक्ते वाचायचे असतात. अनेक जण पहिल्या पानांवरचे मत वाचून थांबतात, आणि घोटाळा तिथेच होतो. एकूण मत निर्मळ असले तरी आतल्या चाचण्यांत त्रुटी असू शकतात. टाइप २ अहवालात त्या नोंदवाव्या लागतात, आणि त्रुटी निघाल्यास किती नमुने तपासले तेही लिहावे लागते. समजा या अहवालात एक ओळ आहे: कर्मचाऱ्यांच्या बँक खात्यातील बदलांचे २५ नमुने तपासले, त्यांपैकी २ बदलांना दुसऱ्या व्यक्तीची मंजुरी आढळली नाही. हे नमुने संस्थेच्या सगळ्या गिऱ्हाइकांमधून घेतलेले असतात, कदाचित त्यांत चाकणचा एकही नसेल. तरी खाते बदलण्याचे दार नीट बंद होत नाही, एवढे त्यावरून कळते, आणि पगारातली अफरातफर या दाराने होऊ शकते. लेखापरीक्षक कारखान्यातल्या वर्षभराच्या खातेबदलांची यादी मागवतो. तीत ३१ बदल निघतात. प्रत्येकासाठी कर्मचाऱ्याचा अर्ज आणि रद्द केलेला धनादेश पाहिला जातो. एकाच खात्यात दोन नावांचे पगार जात नाहीत ना, हेही तपासले जाते.

सर्वांत कमी वाचला जाणारा आणि सर्वांत उपयोगी भाग म्हणजे गिऱ्हाइकाने स्वतः पाळायच्या नियंत्रणांची यादी. संस्था त्यात स्पष्ट लिहिते की आमची पद्धत चालण्यासाठी कंपनीने नोकरी सोडणाऱ्यांची नावे वेळेवर कळवावीत आणि पगार वाटण्यापूर्वी पगारपत्रक तपासून मंजुरी द्यावी. ही कामे कारखान्यात होतात का, हे संस्थेचा लेखापरीक्षक पाहत नाही. ते कंपनीच्या लेखापरीक्षकालाच पाहावे लागते.

चाकणच्या कारखान्यात एका कामगाराने १२ नोव्हेंबरला नोकरी सोडली. त्याचे नाव संस्थेला कळवले गेले फेब्रुवारीत. डिसेंबर आणि जानेवारीचे प्रत्येकी ३८,००० याप्रमाणे ७६,००० रुपये त्याच्या खात्यात जमा झाले. शिवाय नोव्हेंबरच्या उरलेल्या दिवसांचा पगारही गेला. मनुष्यबळ विभागाने दर महिन्याला पगारपत्रक मंजूर केले होते, पण तिथे फक्त माणसांची एकूण संख्या जुळवली जात होती. संस्थेने मिळालेल्या माहितीवर पगार अगदी बिनचूक काढला होता, त्यामुळे अहवालात ही चूक दिसण्याचा संभवच नव्हता. ती सापडते राजीनाम्यांची फाइल आणि पगारपत्रक नावानिशी शेजारी ठेवल्यावर. मग लेखापरीक्षकाला वर्षभरातले सगळेच राजीनामे असे तपासावे लागतात, कारण ज्या नियंत्रणावर विसंबायचे तेच चाललेले नाही.

रोखे सांभाळणाऱ्या कस्टोडियनच्या बाबतीत वाट थोडी वेगळी आहे. ३१ मार्चला अमुक शेअर खरोखर होते का, याची पुष्टी लेखापरीक्षक कस्टोडियनकडून थेट मागवू शकतो, आणि शिल्लक सिद्ध करायला ती बहुतांशी पुरते. पण वर्षभरातला लाभांश, बोनस शेअर आणि सौद्यांची पूर्तता यांच्या नोंदी बरोबर झाल्या का, ते एका दिवसाच्या शिलकीवरून कळत नाही. तिथे टाइप २ अहवाल कामी येतो. मात्र कस्टोडियन स्वतः काही काम तिसऱ्या संस्थेकडे देतो आणि अहवालातून ते काम अनेकदा वगळलेले असते. वगळलेला भाग महत्त्वाचा असेल, तर त्या तिसऱ्या संस्थेचा अहवाल वेगळा मिळवावा लागतो किंवा दुसरा पुरावा शोधावा लागतो.

अहवाल मिळतच नसेल, तर लेखापरीक्षक कंपनीमार्फत संस्थेकडून हवी ती माहिती मागवतो, किंवा स्वतः अथवा दुसऱ्या लेखापरीक्षकाकरवी तिथे जाऊन तपासणी करतो. तेही शक्य नसेल आणि पुरेसा पुरावा हाती नसेल, तर त्याला आपले मत सुधारावे लागते. पुरावा पुरेसा असून मत निर्मळ असेल, तर त्यात दुसऱ्या लेखापरीक्षकाच्या कामाचा उल्लेख करायचा नसतो. कायद्याने तसा उल्लेख आवश्यक केला असेल, तेव्हाही आपली जबाबदारी त्यामुळे कमी होत नाही, हे अहवालात लिहावे लागते.