रीडिंगला रीडिंग जुळले पाहिजे

पुण्याच्या हडपसर भागात ऑफिस असलेल्या एका कंपनीतला सर्व्हिस इंजिनिअर डोळ्यांसमोर आणू. कंपनीने विकलेली यंत्रे रांजणगाव, चाकण, शिरवळ इथल्या कारखान्यांत बसवलेली आहेत. कुठले यंत्र बंद पडले की याला निघावे लागते. गाडी स्वतःची, 1200 सीसीची. पेट्रोल, सर्व्हिसिंग आणि विमा यांची बिले कंपनी भरून देते. रविवारी याच गाडीतून घरची मंडळी फिरायलाही जातात. आपल्याकडे हजारो नोकरदारांची व्यवस्था थोड्याफार फरकाने अशीच असते. या पैशांवर आयकर किती लागतो ते बऱ्याच अंशी एका साध्या वहीवर ठरते, याची त्यातल्या अनेकांना कल्पना नसते.

आयकर नियमांतला नियम 3 नोकरदाराला मालकाकडून मिळणाऱ्या सवलतींची किंमत कशी धरायची ते सांगतो. गाडी कर्मचाऱ्याची, वापर कामासाठीही आणि घरासाठीही, आणि खर्च कंपनीचा, अशी स्थिती असेल तर कंपनीने दिलेल्या रकमेतून एक ठरावीक वजावट मिळते. उरलेली रक्कम पगारात धरून तिच्यावर कर लागतो. 1.6 लिटरपर्यंतच्या इंजिनाला ही वजावट महिन्याला 1,800 रुपये आहे आणि त्याहून मोठ्या इंजिनाला 2,400 रुपये. ड्रायव्हर ठेवला असेल तर आणखी 900 रुपये. दुचाकीला महिन्याला 900 रुपये. हे आकडे 2009 मध्ये ठरलेले असून आर्थिक वर्ष 2025-26 पर्यंतच्या हिशेबाला तेच लागू होतात. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा आयकर कायदा आला आहे, म्हणून पुढच्या वर्षांचा हिशेब करताना त्या वर्षाचे आकडे सी.ए.कडून विचारून घ्यावेत.

2009 मधले 1,800 रुपये आजच्या पेट्रोलच्या भावात किती दिवस पुरतात ते गाडी चालवणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. नियमाने मात्र इथे एक दार उघडे ठेवले आहे. कामासाठीचा प्रत्यक्ष खर्च या ठरावीक रकमेपेक्षा जास्त असेल, तर तो जास्तीचा खर्च वजा करून मागता येतो. त्याला अटी दोन. पहिली अट अशी की कामासाठी केलेल्या प्रवासाचा पूर्ण तपशील मालकाने ठेवलेला असावा. प्रवासाची तारीख, ठिकाण, अंतर आणि त्यावर झालेला खर्च, या गोष्टी त्यात याव्यात असे नियमच सुचवतो. दुसरी अट अशी की हा खर्च केवळ कामासाठीच झाला, असा दाखला मालकाने द्यावा.

पहिल्या अटीतला ‘मालकाने’ हा शब्द नजरेतून सुटतो. कर्मचाऱ्याच्या कपाटातली डायरी कितीही नेटकी असली तरी तेवढ्याने ही अट पुरी होत नाही. नोंदी दर महिन्याला बिलांसोबत कंपनीत जायला हव्यात, वरिष्ठाच्या सहीने तिथल्या फाइलला लागायला हव्यात आणि त्यांची एक प्रत कर्मचाऱ्याकडे राहायला हवी.

आता आपल्या इंजिनिअरचा हिशेब करून पाहू. समजा, त्याची गाडी महिन्याला 1,600 किलोमीटर धावते. पेट्रोलचे 10,400 आणि सर्व्हिसिंग, टायर, विमा यांचे महिन्याला सरासरी 2,600, असे 13,000 रुपये कंपनी त्याला देते. वही नसेल तर 1,800 वजा जाऊन 11,200 रुपये दर महिन्याला पगारात मिळवले जातील, म्हणजे वर्षाला 1,34,400. तो 30 टक्क्यांच्या दरात बसत असेल, तर उपकर धरून यावर सुमारे 41,900 रुपये कर होतो. वही असेल आणि त्यात 1,600 पैकी 1,200 किलोमीटर कामाचे दिसत असतील, तर खर्चाचा पाऊण हिस्सा, म्हणजे 9,750 रुपये, कामाचा ठरतो. उरलेल्या 3,250 रुपयांवरच कर लागतो. वर्षाचे होतात 39,000 आणि त्यावरचा कर सुमारे 12,200. दोन्हींतला फरक जवळपास 29,700 रुपयांचा आहे. एवढी रक्कम रोजच्या दोन मिनिटांच्या लिहिण्यावर अवलंबून असते.

ही वही लिहायची कशी याचा उत्तम नमुना सरकारी कार्यालयांत पूर्वापार आहे. सरकारी जीपच्या चालकाजवळ लॉगबुक असते. निघताना रीडिंग, परतल्यावर रीडिंग, कुठून कुठे, कशासाठी, आणि शेवटी प्रवास केलेल्या अधिकाऱ्याची सही. त्या वहीची खरी ताकद रीडिंगच्या साखळीत आहे. कालच्या फेरीचे शेवटचे रीडिंग आणि आजच्या फेरीचे पहिले रीडिंग यांत फरक पडला, तर तेवढे किलोमीटर गाडी कुठे होती, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. खासगी गाडीत असा फरक पडणारच, कारण मधल्या वेळेत घरची कामे होतात. तो फरक लपवायचा नसतो. तोच तर खासगी वापराचा आकडा आहे, आणि तो उघड दिसतो म्हणूनच बाकीच्या किलोमीटरवर तपासणाऱ्याचा विश्वास बसतो.

म्हणून आपल्या इंजिनिअरची एक नोंद अशी दिसायला हवी: तारीख 12, निघताना 48,215, परतल्यावर 48,337, एकूण 122 किलोमीटर, हडपसर ते रांजणगाव एमआयडीसी, तिथून शिक्रापूरमार्गे चाकण आणि परत हडपसर. पुढे दोन्ही कारखान्यांची नावे आणि काम: पहिल्या ठिकाणी स्पिंडलची दुरुस्ती, दुसऱ्या ठिकाणी नव्या यंत्राची जागा पाहणे. शेवटी टोल किंवा पार्किंग लागले असेल तर ते. नुसते ‘कस्टमर व्हिजिट’ लिहून भागत नाही, कारण त्यावरून फेरी खरोखर झाली का ते कुणालाच पडताळता येत नाही. कारखान्याचे नाव असेल तर त्या दिवशीचा सर्व्हिस रिपोर्ट काढून शेजारी ठेवता येतो.

दावे नाकारले जातात तेही पडताळणीतच. गाडीचे रीडिंग एकट्या मालकाच्या वहीत नसते. सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डावर गाडी आत घेतानाचे रीडिंग तारखेसह छापलेले असते. वहीप्रमाणे 20 तारखेला गाडी 49,000 वर असेल आणि 22 तारखेच्या जॉब कार्डावर 48,400 असेल, तर ती वही तिथेच संपली. फास्टॅगच्या विवरणात कुठल्या नाक्यावरून गाडी किती वाजता गेली ते नोंदलेले असते. साताऱ्याची फेरी लिहिलेली आहे पण पुणे-सातारा रस्त्यावरच्या टोलची कपात नाही, याचा खुलासा द्यावा लागतो. हजेरीपत्रकात रजा आणि वहीत त्याच दिवशी चाकण, ही चूक तर अकाउंट्समधला नवखा माणूसही पकडतो. पेट्रोलच्या बिलांतले लिटर आणि वहीतले किलोमीटर यांचा भागाकार केला की गाडीचे ॲव्हरेज निघते. लिटरला सोळा देणारी गाडी एखाद्या महिन्यात अचानक तीस देऊ लागली, तर किलोमीटर फुगवलेले आहेत हे वेगळे सांगावे लागत नाही.

या चुका करणारे सगळेच लबाड असतात असे नाही. बहुतेकांच्या वह्या बिघडतात त्या महिनाअखेरीला, आठवून आठवून लिहिल्यामुळे. मग सगळी अंतरे 50, 80, 100 अशी गोल येतात, शाई एकच असते आणि रद्द झालेली भेटही झालेली म्हणून उतरते. यावर उपाय साधा आहे. गाडी सुरू करण्यापूर्वी आणि बंद केल्यावर डॅशबोर्डचा मोबाइलवर फोटो काढावा. फोटोला तारीख आणि वेळ आपोआप चिकटते. रात्री त्यावरून वही किंवा एक्सेलची शीट भरावी. जीपीएसवर चालणारी ॲपही मिळतात, पण ती फक्त अंतर मोजतात. भेट कुणाशी आणि कशासाठी होती ते माणसालाच लिहावे लागते.

मिश्र फेऱ्यांचा प्रश्न नेहमी येतो. शिरवळहून परतताना वाट वाकडी करून नातेवाइकांकडे गेले, तर ते वाढीव किलोमीटर कामातून वगळून खासगीत टाकावेत आणि वहीत तसे लिहावे. घर ते ऑफिस हे रोजचे अंतर बहुतेक कंपन्या आपल्या प्रवासभत्त्याच्या नियमांत कामाचा प्रवास मानत नाहीत. तेव्हा घरातून थेट ग्राहकाकडे गेल्यास अंतर कुठून मोजायचे ते कंपनीकडून आधीच लेखी घ्यावे. ज्यांना बिलांऐवजी किलोमीटरमागे ठरलेला दर मिळतो, त्यांनाही वही लागतेच. कामावरच्या प्रवासासाठी मिळणारा भत्ता प्रत्यक्ष खर्चाइतकाच करमुक्त असतो आणि नव्या करप्रणालीतही ही सवलत कायम आहे. कंपनी इथे काटेकोर असते, कारण पगारातून योग्य कर कापण्याची जबाबदारी तिच्यावर असते आणि कमी कापला तर तिलाच जाब द्यावा लागतो.

स्वतःचा धंदा किंवा व्यवसाय करणाऱ्याची गोष्ट थोडी वेगळी. तो गाडीचा खर्च आणि घसारा नफ्यातून वजा करतो, पण गाडी अंशतः खासगी वापरात असेल तर योग्य तेवढा हिस्सा नाकारण्याचा अधिकार कायद्याने आयकर अधिकाऱ्याला दिला आहे. लॉगबुक मागितले आणि ते नसले, की अधिकारी खर्चाचा दहावा किंवा पाचवा हिस्सा अंदाजाने काढून टाकतो. आयकर अपील न्यायाधिकरणाच्या निकालांत असे प्रसंग वारंवार भेटतात. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला यात एक आधार आहे. सयाजी आयर्नच्या प्रकरणात गुजरात उच्च न्यायालयाने म्हटले, की कंपनी ही माणूस नाही, तिचा ‘खासगी वापर’ असू शकत नाही. तरीही संचालकाने ती गाडी घरासाठी वापरली तर ती त्याच्या हातातली सवलत ठरू शकते. एकट्या मालकाच्या धंद्याला, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक दुकानदारांना आणि कंत्राटदारांना, या निकालाचा आधार नाही.

ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या मराठी मंडळींना नियम सोपा पडतो. तिथे सलग 12 आठवडे नीट लॉगबुक ठेवले आणि त्या काळातल्या वापराचे प्रमाण नेहमीसारखेच असले, तर ते प्रमाण 5 वर्षांपर्यंत चालते. आपल्या नियमात अशी नमुन्याची सोय नाही. इथे वही वर्षभर लिहावी लागते.

ज्यांनी अजून सुरुवात केलेली नाही, त्यांनी मागच्या महिन्यांच्या नोंदी बनवायला बसू नये. आजचे रीडिंग फोटोसह नोंदवावे आणि उद्याच्या पहिल्या फेरीपासून लिहायला लागावे. दर वर्षी 31 मार्चच्या रात्रीचे रीडिंग वेगळे लिहून ठेवावे, म्हणजे वर्षाचे एकूण किलोमीटर हाताशी राहतात. वही, बिले आणि मालकाचा दाखला हे सगळे एकाच फाइलमध्ये निदान सात वर्षे जपून ठेवावे.