कमी पडणाऱ्या गुणांवरून आठवड्यांची वाटणी

दहावीच्या परीक्षेला बारा आठवडे उरलेत आणि लेक रोज आवडीचाच विषय घेऊन बसते, असं पुष्कळ घरांत दिसतं. गटाच्या वहीत आपण येणं-बाकी काढतो ना, तशीच तिची बाकी आज काढू या.

सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिका घ्या. लेखी परीक्षा ८० गुणांची असते. तोंडी किंवा अंतर्गत २० गुण यात धरू नका. प्रत्येक विषयापुढे आजचे गुण, हवे असलेले गुण आणि फरक लिहा. समजा, गणितात २८ आहेत, ५२ हवेत, कमी २४. इंग्रजीत २०, विज्ञानात १६, सामाजिक शास्त्रांत १२ आणि मराठीत ८ कमी. हिंदीत हवे तेवढे आहेत. एकूण बाकी ८०.

बारापैकी शेवटचे दोन आठवडे उजळणीला ठेवा. हिंदी तेव्हाच चाळायची. उरले दहा. ऐंशीला दहाने भागलं की आठ. म्हणजे आठ गुणांच्या बाकीला एक आठवडा. गणिताला तीन, इंग्रजीला अडीच, विज्ञानाला दोन, सामाजिक शास्त्रांना दीड, मराठीला एक.

पण सलग तीन आठवडे नुसतं गणित करू नये. तोवर बाकीचं विसरतं. त्याऐवजी आठवड्यात अभ्यासाच्या दहा बैठका धरा. गणिताच्या तीन, विज्ञानाच्या दोन, मराठीची एक. उरलेल्या चारांत एका आठवड्यात इंग्रजीच्या तीन आणि सामाजिक शास्त्रांची एक, पुढच्या आठवड्यात दोन-दोन. दहा आठवड्यांत हिशोब बरोबर जुळतो.

आता गणिताच्या आत डोकवा. बीजगणित आणि भूमिती असे ४० गुणांचे दोन पेपर असतात. बीजगणितात २० आणि भूमितीत ८ मिळाले असतील आणि दोन्हींत २६ हवे असतील, तर बाकी ६ आणि १८. म्हणजे गणिताच्या चार बैठकांपैकी तीन भूमितीच्या. मुली नेमकं उलटं करतात; जमतं म्हणून बीजगणितच सोडवत बसतात.

ही वाटणी कायमची नाही. सगळे गुण सारख्या कष्टाने मिळत नाहीत. पाच आठवड्यांनी पुन्हा वेळ लावून सराव पेपर सोडवायला सांगा आणि बाकी नव्याने काढा. गणिताची १० वर आली आणि इंग्रजीची १८ वरच राहिली, तर गणिताची एक बैठक इंग्रजीला द्या. एखाद्या विषयाची बाकी हललीच नाही, तर नुसता वेळ वाढवू नका. कुठल्या प्रश्नांत गुण जातात ते शिक्षकांना विचारा.

एकूण बाकी तेव्हा चाळिसाच्या आसपास हवी. ती पासष्ट असेल, तर दोनच वाटा आहेत: घरकामातून तिला आणखी बैठका मोकळ्या करून द्यायच्या, नाहीतर ठरवलेले गुण कमी करायचे. पण हे परीक्षेआधी कळतं, निकालाच्या दिवशी नाही.