एकशे चाळीस कुठे गेले?

माध्यमिक शाळेत नोकरीसाठी आलेल्या अर्जांत एक वाक्य हमखास सापडते : ‘प्रत्येक मूल वेगळे असते आणि विद्यार्थिकेंद्रित, आनंददायी शिक्षणावर माझा विश्वास आहे.’ वाक्यात चूक काहीच नाही. पण ते इतिहासाच्या शिक्षकाला चालते, चित्रकलेच्या शिक्षकाला चालते आणि ज्याने आजवर एकही तास घेतलेला नाही त्यालाही चालते. निवड करणाऱ्याला त्यातून काही कळत नाही.

अनुदानित शाळांची भरती पवित्र पोर्टलवरून, अभियोग्यता चाचणीच्या गुणांच्या आधारे होते. तिथे असे वाक्य लिहिण्याची वेळ येत नाही. मात्र आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या आणि बऱ्याच खासगी शाळा अर्जासोबत ‘टीचिंग फिलॉसॉफी’ मागतात. एक-दोन पानांत उमेदवाराने आपण कसे शिकवतो आणि तसेच का शिकवतो, हे सांगायचे असते. नावात ‘फिलॉसॉफी’ असल्यामुळे बहुतेक जण तत्त्वांपासून सुरुवात करतात आणि तत्त्वांतच अडकून पडतात. त्याऐवजी सुरुवात करावी ती एखाद्या तासापासून.

उदाहरणादाखल गणिताची एक शिक्षिका समोर आणू. आठवीच्या वर्गात बेचाळीस मुले. विस्तार सूत्रांचा धडा सुरू होण्याआधी तिने फळ्यावर (a + b)² लिहिले आणि याचे उत्तर काय येईल ते कागदाच्या चिठ्ठीवर लिहून द्यायला सांगितले. सत्तावीस चिठ्ठ्यांवर एकच उत्तर होते : a² + b². ही चूक गणिताच्या प्रत्येक शिक्षकाच्या ओळखीची. दोन्ही पदांना वर्ग वाटून दिला की झाले, असे मुलांना मनापासून वाटते.

तिने सूत्र सांगितले नाही. १७ चा वर्ग काढायला सांगितला. गुणाकार करून सगळ्यांचे उत्तर आले २८९. मग १७ म्हणजे १० + ७, तर तुमच्या चिठ्ठीवरच्या नियमाने किती येतात? १०० आणि ४९, मिळून १४९. फळ्यावर दोन आकडे शेजारी शेजारी उभे राहिले आणि तिने विचारले, ‘मग एकशे चाळीस कुठे गेले?’

यानंतर ती काही सेकंद काहीच बोलली नाही. हे थांबणेही जाणूनबुजून होते. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांतील संवादांचा अभ्यास केला, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, असे तिला दिसले. तीन सेकंद किंवा जास्त थांबले, की मुलांची उत्तरे लांबतात आणि गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात. ‘मी मुलांना विचार करायला वाव देते’ असे अर्जात लिहिण्यापेक्षा ‘प्रश्न विचारल्यावर मी मनात पाचपर्यंत मोजते’ हे वाक्य जास्त सांगते. वाचणारा ते वर्गात येऊन पडताळून पाहू शकतो.

मग आलेखाचा कागद आला. प्रत्येक जोडीने सतरा चौकटी बाजू असलेला चौरस कापला, दहा चौकटींवर एक आडवी आणि एक उभी रेघ मारली. चार तुकडे झाले : एक १० बाय १० चा चौरस, एक ७ बाय ७ चा चौरस आणि दोन १० बाय ७ चे आयत. प्रत्येक आयतात सत्तर चौकटी. दोन मिळून एकशे चाळीस. हरवलेले मुलांच्या हातात होते. 2ab हे फळ्यावर सर्वांत शेवटी लिहिले गेले.

अर्जासाठी एवढा प्रसंग पुरेसा वाटतो, आणि बरेच उमेदवार इथेच थांबतात. ‘सर्व विद्यार्थ्यांना संकल्पना स्पष्ट झाली’ या ओळीने शेवट होतो. अनुभवी मुख्याध्यापक नेमके याच ओळीवर थबकतात, कारण एका तासात बेचाळीसच्या बेचाळीस मुलांना काही कळले, असे त्यांनी कधी पाहिलेले नसते.

आपल्या शिक्षिकेने पुढचा भाग लिहिला. आठवड्याने घेतलेल्या छोट्या चाचणीत (3x + 2y)² विचारले होते. नऊ मुलांचे उत्तर चुकले. पण नऊ जणांची चूक एक नव्हती. चौघांनी मधले पद पुन्हा गाळले होते. उरलेल्या पाच जणांनी 3x² + 12xy + 2y² असे लिहिले होते : मधले पद बरोबर, पण वर्ग फक्त अक्षराचा केलेला, आकडा तसाच सोडलेला. पहिल्या चौघांना तिने पुन्हा कागद आणि कात्री दिली. पाच जणांना कागदाची गरज नव्हती. त्यांना 3x बाजू असलेला चौरस काढून त्यात x बाजूचे चौरस किती मावतात, ते मोजायला सांगितले. नऊ मावले.

इथे पहिल्यांदा तिने आपले मत लिहिले, तेही एकाच वाक्यात : चुकीच्या उत्तरामागे मुलाचा काहीतरी नियम असतो, आणि तो नियम कळल्याशिवाय मी दुरुस्ती सुरू करत नाही. पानाच्या सुरुवातीला हेच वाक्य पोकळ वाटले असते. इथे त्याच्यामागे सत्तावीस चिठ्ठ्या आणि नऊ उत्तरपत्रिका उभ्या आहेत.

असे पान लिहायला बसण्याआधी सामग्री जमवावी लागते. मुलांनी काय लिहिले ते शब्दशः, वर्गात किती मुले होती, चूक कितींची होती, शिक्षकाने त्या वेळी काय केले आणि नंतर काय उरले, एवढ्या नोंदी हव्यात. तास संपल्यावर वहीत पाच ओळी टिपायची सवय असेल तर हे सोपे जाते. महिन्याने आठवून लिहिलेल्या प्रसंगातली मुले भलतीच हुशार आणि शिक्षक भलताच शांत निघतो. एका पानाला एक तास पुरतो, फार तर दोन. मुलाचे नाव लिहू नये, ओळख पटेल असे घरचे तपशीलही नकोत. वर्ग आणि विषय सांगितला की भागते.

मसुदा तयार झाला की त्यातली विषयाची नावे झाकून वाचावा. जी वाक्ये कोणत्याही विषयाच्या शिक्षकाला आपली म्हणून चालतील, ती खोडावीत. ब्लूम, पियाजे, वायगॉट्स्की ही नावे बी.एड.च्या वह्यांतून थेट अर्जात येतात. त्या नावापुढे ‘म्हणून मी वर्गात अमुक केले’ असे लिहिता येत नसेल, तर नाव काढून टाकलेले बरे.

पानावर खराखुरा तास असला, की मुलाखतही त्याच तासावर फिरते. या शिक्षिकेला कोणी विचारू शकेल, ‘आणि (a − b)² आले तर? वजा केलेला कागद कसा दाखवाल?’ ती पिशवीतून वीस चौकटींचा चौरस काढेल. चारशे चौकटी. एका बाजूने तीन चौकटींची पट्टी दुमडेल, साठ गेल्या. लगतच्या बाजूने दुसरी पट्टी दुमडेल, आणखी साठ. उरायला हव्यात दोनशे ऐंशी, पण समोरच्या चौरसात मोजल्या तर भरतात २८९. कोपऱ्यातल्या नऊ चौकटी दोन्ही पट्ट्यांत आल्या होत्या, त्या दोनदा वजा झाल्या. तेव्हा ती कोपऱ्याच्या घडीवर बोट ठेवेल आणि मनात पाचपर्यंत मोजेल.