वजन इथे, वाक तिथे

एक मीटर लांब, २५ मिलिमीटर रुंद आणि ६ मिलिमीटर जाड पोलादी पट्टी घ्या. तिचे एक टोक घट्ट आवळा, दुसरे मोकळे ठेवा. पट्टी स्वतःच्या वजनाने थोडी लवेल. त्या स्थितीला शून्य धरू.

आता मोकळ्या टोकाला अर्धा किलोचे वजन टांगा. टोक सुमारे १८ मिलिमीटर खाली येईल आणि पट्टीचा मध्य ५.७ मिलिमीटर. मग तेच वजन टोकावरून काढून मध्यावर टांगा. मध्य जेमतेम २.३ मिलिमीटर लवेल, पण टोक खाली येईल ते बरोबर ५.७ मिलिमीटर! टोक आणि मध्य यांच्या ताठपणात आठपट फरक असूनही एकाच्या वजनाने दुसरा जितका लवतो, तितकाच दुसऱ्याच्या वजनाने पहिला लवतो.

जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी सांगाड्यांच्या संदर्भात १८६४ मध्ये हा नियम मांडला. इटालियन गणिती एन्रिको बेत्ती यांनी १८७२ मध्ये तो अधिक व्यापक केला.

असे का होते? दोन्ही ठिकाणी अर्धा-अर्धा किलो टांगायचे आहे असे समजा. आधी टोकाला आणि मग मध्यावर टांगले, तर दुसरे वजन चढताना टोकाचे वजनही आणखी खाली जाते आणि जादा कार्य करते. क्रम उलटा केला, तर हे जादा कार्य मध्यावरचे वजन करते. शेवटी पट्टीचा आकार एकच, म्हणून तिच्यात साठलेली ऊर्जाही एकच. प्रत्येक वजनाने स्वतःच्या जागी केलेले कार्य दोन्ही क्रमांत सारखे असते. मग उरलेले जादा कार्यही सारखे असायलाच हवे, आणि वजने समान असल्याने अंतरेही.

याचा उपयोग मोजणीत होतो. पुलाच्या नमुन्यावरून वजन सरकत गेले तर मध्य किती लवेल, हे शोधायला वजन जागोजागी ठेवण्याची गरज नाही. ते एकदाच मध्यावर ठेवावे आणि इतर ठिकाणचे लवणे मोजावे. तेच आकडे आपले उत्तर असतात. तुळईची जाडी सगळीकडे सारखी नसली तरी चालते.

मात्र वजन दुप्पट केल्यास वाकही दुप्पट व्हायला हवा आणि वजन काढल्यावर तुळई मूळ जागी यायला हवी. पोलाद कायमचे वाकले, पकड सरकली किंवा आधारात फट असली, तर नियम लागू होत नाही. म्हणून वजन आणि मोजपट्टी यांच्या जागांची अदलाबदल करून पाहावी. दोन वाचने जुळली नाहीत, तर गणित पुन्हा करण्याआधी पकड तपासा.